फोटोतलं काळं भांडं नक्की कशाचं?

दोनेक वर्षांपूर्वी मी निव्वळ फोटो बघून एक काळी कढई मागवली. फोटोत तिचे दोन्ही कान अंगातूनच निघालेले दिसत होते, कुठे रिव्हेट नाही, काठ चांगला जाड, बाहेरून अंग जरा खरबरीत. बीडच, म्हणजे ओतीव लोखंडच, दुसरं काय असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. खोकं आलं तेव्हा जड असणार म्हणून कंबर सावरून उचललं आणि हात नुसता वर उडाला. आत ओतीव ॲल्युमिनियम होतं, वरून काळा लेप दिलेला. जाहिरातीत कुठेही ‘बीड’ असं लिहिलेलं नव्हतं, लिहिलं होतं ‘ओतीव’. चूक माझीच होती.

तेव्हापासून कुणी भांड्याचा फोटो पाठवून ‘हे कशाचं आहे?’ विचारलं, की मी जरा सबुरीने घेते. लाल मातीचं मडकं, चकचकीत स्टील, पिवळंधमक पितळ ओळखायला कुणाची मदत लागत नाही. खरी गोची काळ्या भांड्यांची. बीड काळं, लोखंडी पत्रा काळा, हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम काळपट राखाडी, नॉनस्टिकचा लेप काळा आणि धुरात भाजलेली मातीही काळीच. फोटोत ही पाचही भावंडं वाटतात. चुलीवर मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, म्हणून या लेखात फक्त काळ्या भांड्यांबद्दल लिहिते.

आधी फोटो नीट मागवा

पहिल्या फोटोवरून निकाल द्यायचा नाही. तो बहुतेक वेळा वरून, जरा तिरका काढलेला असतो आणि त्यात भांड्याचं तोंड तेवढं दिसतं. शिवाय आजचे फोन फोटोतला कणीदारपणा आपणहून गुळगुळीत करतात, आणि मेसेजमधून येताना राहिलेली बारीक खरखरही पुसली जाते. बीड ओळखण्यासाठी जी वाळूसारखी रवाळ पोत बघायची, नेमकी तीच गायब होते. फ्लॅश मारला असेल तर काळा भाग राखाडी होतो आणि राखाडी भागावर पांढरा झोत येतो. त्यामुळे रंगावर विसंबायचंच नाही, असा माझा नियम आहे.

विकणाऱ्याकडून किंवा विचारणाऱ्याकडून चार फोटो मागा. पहिला काठाचा, कॅमेरा काठाच्या पातळीला आणून. दुसरा कान किंवा दांडा भांड्याला जिथे मिळतो त्या जागेचा. तिसरा पालथ्या भांड्याच्या बुडाचा. चौथा आतल्या मध्यभागाचा, पण फ्लॅश बंद ठेवून आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरून. आडव्या उजेडात प्रत्येक खड्ड्याची आणि ओरखड्याची सावली पडते, त्यामुळे समोरून सपाट वाटणारा भाग बोलायला लागतो.

यातल्या एका फोटोत भांड्याशेजारी मापासाठी बँकेच्या कार्डाच्या आकाराचं एखादं कार्ड ठेवायला सांगा. ही कार्डं सगळीकडे एकाच मापाची असतात: लांबी ८५.६ मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. लांबीवरून भांड्याचा व्यास निघतो आणि कडेवरून काठाची जाडी. मात्र खरं बँकेचं कार्ड ठेवू नका म्हणून आवर्जून सांगा. एकीने मला ते सोळाच्या सोळा आकड्यांसकट पाठवलं होतं. दुकानाचं जुनं सभासद कार्डही चालतं.

विकणारा हे चार फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल आणि त्याच्याकडे फक्त पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं निर्दोष चित्र असेल, तर ते बऱ्याचदा संगणकावर तयार केलेलं असतं. त्यात काठ सगळीकडे केसभरही फरक न पडता सारखा दिसतो, अंगावर एक ठिपका नसतो. अशा चित्रातून आकार कळतो, धातू कळत नाही.

काठ बघा

सगळ्यात जास्त माहिती काठात असते, कारण भिंतीची जाडी तिथे उघडी पडते.

बिडाच्या भांड्याचा काठ साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या कडा थोड्या गोलसर, बोथट असतात. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून ते घडतं. बीड ठिसूळ असल्यामुळे भिंत फार पातळ ठेवून चालत नाही, आणि साच्यातून आलेली धार तीक्ष्ण राहत नाही. लोखंडी पत्र्याच्या भांड्याचा काठ दीड ते अडीच मिलिमीटरचा, आतबाहेर समांतर, कात्रीने कापल्यासारखा. पत्रा फारच पातळ असेल तर काठ बाहेर वळवून गोल केलेला दिसतो. वळवलेला काठ दिसला की बीड बाद, कारण बीड वळत नाही, तुटतं.

मातीच्या भांड्याचा काठ कधीच एकसारखा नसतो. एका बाजूला सहा मिलिमीटर असेल तर दुसऱ्या बाजूला आठ. कॅमेरा पातळीवर आणून काढलेल्या फोटोत तो किंचित लाटेसारखा वरखाली होतो आणि आतल्या अंगाला बोटांच्या गोल वळ्या दिसतात. साच्यात घातलेलं मातीचं भांडं जास्त नीटस असतं, पण जाडीवरून तेही कळतं.

उरलं ओतीव ॲल्युमिनियम, ज्याने मला फसवलं. त्याचा काठही चार-पाच मिलिमीटर असतो, त्यामुळे जाडीवरून बीड आणि ते वेगळं करता येत नाही. पण पुष्कळदा त्याचा काठ लेथवर घासून सपाट केलेला असतो, आणि आतला काळा लेप संपून बाहेरचा सुरू होण्याच्या मध्ये एक चंदेरी रेघ राहते. फोटो मोठा करून ती रेघ शोधा. मी मागवलेल्या कढईच्या फोटोत ती होती. मी तिला उजेडाची चमक समजले. उजेडाची चमक काठाच्या एका बाजूलाच पडते, घासलेली रेघ पूर्ण फेरी मारते.

कान आणि दांडा

इथे विचार करायची पद्धत सोपी आहे. पत्र्यापासून दाबून किंवा ठोकून केलेल्या भांड्याला कान बहुधा वेगळा जोडावा लागतो, त्यामुळे रिव्हेटची डोकी, वेल्डिंगचे ठिपके किंवा स्क्रू दिसतात. रिव्हेट दिसले तर भांडं लोखंडी पत्र्याचं किंवा दाबीव ॲल्युमिनियमचं असण्याची शक्यता जास्त. कान अंगातूनच निघालेला असेल तर भांडं बहुधा ओतीव आहे.

पण ओतीव म्हणजे बीड नव्हे. हे वाक्य मी माझ्या कपाटावर चिकटवायला हवं होतं. बीड ओततात, ॲल्युमिनियम ओततात, पितळही ओततात. अंगचा कान फक्त घडवण्याची रीत सांगतो, धातू सांगत नाही.

मग कानावरून बिडाचा काहीच सुगावा लागत नाही का? थोडा लागतो. लांब दांड्याच्या तव्याला समोरच्या बाजूला आणखी एक छोटा कान असेल, तर ते भांडं एका हाताने पेलत नाही असं घडवणाऱ्याने गृहीत धरलंय. पंचवीसेक सेंटिमीटरच्या तव्याला असा मदतीचा कान असला की बिडाकडे माझा कल झुकतो. हा पुरावा नाही, कल आहे. दांडा आखूड, जाड आणि अंगाचाच असेल तर कल आणखी पक्का होतो.

बूड

पालथ्या भांड्याचा फोटो लोक सहसा काढत नाहीत, आणि लबाडी करायची असेल तर तोच लपवतात.

बिडाच्या बुडावर वाळूची रवाळ पोत दिसते. काही भांड्यांवर, ज्या जागेतून धातू साच्यात शिरला तिथे घासून सपाट केलेला लहानसा डाग किंवा रेघ असते. अक्षरं असतील तर ती वर उठलेली आणि कडांना गोलसर असतात, कारण तीही साच्यातूनच आलेली. पत्र्यावर अक्षरं ठोकलेली, म्हणजे खोल गेलेली असतात. हाताने ठोकलेल्या लोखंडी कढईवर हातोडीचे खळगे असतात, पण हल्ली ॲल्युमिनियमवरही नक्षी म्हणून असेच खळगे पाडतात. हातोडीचे खरे खळगे एकमेकांवर चढलेले, लहानमोठे असतात. यंत्राचे एका अंतरावर, एकाच मापाचे.

बुडावर ठिपक्यांची किंवा जाळीची गोल चकती दिसली तर काम जवळजवळ संपलं. ॲल्युमिनियम इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, म्हणून त्याच्या बुडात चुंबक धरणाऱ्या स्टीलची भोकाभोकांची चकती दाबून बसवतात. त्या भोकांतून वर आलेलं ॲल्युमिनियम म्हणजेच ते ठिपके. बीड आणि लोखंड मुळातच इंडक्शनवर चालतं, त्याला अशी चकती लावायची गरजच नसते.

मातीच्या काळ्या भांड्याचं बूड बहुधा गोलाकार असतं आणि काळेपणा एकसारखा नसतो. भट्टीत जिथे ज्वाळा लागली तिथे तपकिरी, जिथे धूर कोंडला तिथे काळा, असे ढगांसारखे पट्टे दिसतात. असे ढग कुठल्याच धातूवर उमटत नाहीत.

भांड्याच्या जखमा

माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच. नव्या भांड्याला तो नसतो, वापरलेल्याला हमखास असतो. काळा थर जिथे निघालाय तिथे खाली काय दिसतं ते बघायचं.

लोखंड आणि बीड असेल तर खाली गडद राखाडी धातू आणि त्यावर बहुधा कुठे ना कुठे नारिंगी-तपकिरी गंज. ॲल्युमिनियम असेल तर खाली चंदेरी पांढुरका धातू, आणि गंज कधीच नाही. फार तर पांढरट भुकटी किंवा मळकट राखाडी डाग. मातीचा टवका उडालेला असेल तर आत रवाळ, चमक नसलेला लाल किंवा काळा गाभा.

इथे दोन फसवणुका होतात. एक म्हणजे करपून चिकटलेलं तेल. तेही तपकिरी असतं आणि ॲल्युमिनियमवरही बसतं. फोटोत फरक असा दिसतो: तेलाचा डाग मधासारखा, किंचित चकाकणारा आणि ओघळाच्या आकाराचा असतो, गंज मातकट, चमकहीन आणि पाणी साचलं होतं त्या रेषेवर धरलेला असतो. दुसरी फसवणूक हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यावर होते. त्याचा वरचा थर म्हणजे आम्लाच्या द्रावणात वीज सोडून ॲल्युमिनियमवरच वाढवलेलं ऑक्साइड. ते इतकं कठीण असतं की स्टीलचा चमचा घासला तर चमच्याचाच धातू त्याच्यावर लागतो. फोटोत ती चंदेरी रेघ ओरखडा वाटते. आडव्या उजेडाचा फोटो इथे उपयोगी पडतो. ओरखड्याला सावली असते, लागलेल्या धातूला नसते.

बिडावरचा काळा थर म्हणजे तापून घट्ट बसलेलं तेल, ज्याला सीझनिंग म्हणतात. तो मध्यभागी जास्त काळा-चकचकीत, कडेला फिका, कुठे पोपडा आलेला असा असमान असतो. नॉनस्टिकचा लेप काठापर्यंत एकाच छटेचा असतो आणि झिजतो तेव्हा मध्यभागी चट्टा पडून झिजतो.

कशासाठी बनवलंय

धातू कळला म्हणजे वापर कळलाच असं नाही. आकार वेगळं सांगतो. रुंद तोंड आणि बाहेर कललेल्या बुटक्या भिंती असतील तर भांडं भाजण्या-परतण्याचं, वाफ पटकन निघून जावी म्हणून. खोल आणि गोल बूड असेल तर थोड्या तेलात जास्त खोली मिळावी म्हणून, म्हणजे तळण्याचं. अरुंद तोंड असेल तर शिजताना पाणी कमी उडावं म्हणून. दोन्ही बाजूंना चोच असेल तर चरबी किंवा तेल निथळायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकं किंवा उंचवटे असतील तर साचलेली वाफ थेंबथेंब अन्नावरच पडावी म्हणून, म्हणजे मंद आचेवर बराच वेळ शिजवण्याचं. झाकणाला वर उभा कठडा आणि भांड्याला तीन पाय असतील तर ते निखाऱ्यांसाठी आहे, शेगडीवर ते धड बसणारही नाही.

धातू आणि आकार दोन्ही बरोबर ओळखूनही वापर चुकतो, याचं माझं आवडतं उदाहरण बिडाच्या छोट्या किटलीचं. बाहेरून काळं, रवाळ बीड, म्हणजे चुलीवर ठेवायला हरकत नाही, असं वाटतं. पण तिच्या आत गुळगुळीत, काचेसारखा इनॅमलचा थर असेल तर ती बहुतेक वेळा उकळलेलं पाणी ओतून चहाची पानं मुरवण्यासाठी असते. थेट ज्वाळेवर ठेवली तर आतलं इनॅमल तडकतं. म्हणून किटलीचा फोटो झाकण काढून, आतून मागायचा. मातीच्या भांड्याचं बूडही असंच तपासावं. बुडाला मधोमध भोक असेल तर ती कुंडी आहे, आणि अंगावर रंग किंवा वॉर्निश असेल तर ते मांडून ठेवायचं भांडं आहे.

चूक झाली तर काय बिघडतं? नॉनस्टिकला बीड समजून रिकामं मोठ्या आचेवर तापवलं तर ते काही मिनिटांत २६० अंश सेल्सियसच्या पुढे जातं. त्यापुढे लेप खराब होऊ लागतो आणि आणखी तापल्यावर त्यातून त्रासदायक वाफा निघतात. उलट बिडात आंबट रस तासभर उकळला तर सीझनिंग निघतं आणि अन्नाला लोखंडाची चव येते. तापलेल्या बिडावर किंवा मातीवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र फोटोवरून कुणीही सांगू नये: मातीच्या भांड्यावरच्या चकचकीत झिलईत शिसं आहे की नाही. ते प्रयोगशाळेत तपासूनच कळतं. चौकशी करता येत नसेल तर अशा भांड्यात मी शिजवणार नाही.

एक खराखुरा फोटो

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने फोटो पाठवला. वापरलेला काळा तवा, लांब दांडा, समोर छोटा कान, सगळं अंगचं. खाली लिहिलं होतं, ‘बिडाचाच आहे ना गं? रिकामा खूप तापवायचाय.’ मदतीचा कान बघून माझाही कल बिडाकडेच गेला, पण तिच्याकडून चार फोटो मागवले.

वरून काढलेल्या फोटोत कार्ड पडद्यावर ३.३ सेंटिमीटर भरलं आणि तवा १० सेंटिमीटर. म्हणजे तव्याचा व्यास साधारण २६ सेंटिमीटर. काठाच्या फोटोत काठ कार्डाच्या कडेच्या पाचपट जाड, म्हणजे चारएक मिलिमीटर. इथे पत्रा बाद झाला. आत मध्यभागी फिकट चट्टा होता, गंज कुठेच नव्हता. पण नीट राखलेल्या बिडावरही गंज नसतो, म्हणून नुसत्या त्यावरून निकाल देता येईना. बुडाचा फोटो अंधारा आणि काजळीने भरलेला, काही दिसेना.

मग तिला तवा वजनकाट्यावर ठेवायला सांगितला आणि इकडे हिशेब मांडला. बूड आणि पाच सेंटिमीटर उंच भिंत मिळून धातूचं क्षेत्रफळ साधारण ९४० चौरस सेंटिमीटर. चार मिलिमीटर जाडीने ३७५ घनसेंटिमीटर धातू. बिडाचा एक घनसेंटिमीटर सुमारे ७.२ ग्रॅम भरतो, म्हणजे दांडा सोडून तवा २.७ किलोचा हवा. ॲल्युमिनियमचा एक घनसेंटिमीटर २.७ ग्रॅम, म्हणजे एक किलोच्या आसपास. तिचा काटा म्हणाला १ किलो २०० ग्रॅम. दीड मिलिमीटर पत्र्याचा तवाही जवळपास एवढाच भरला असता. म्हणून जाडी आधी मोजायची आणि मगच वजन करायचं.

मी तिला ‘ॲल्युमिनियम’ असं कळवेपर्यंत तिचा उलट मेसेज आला: ‘फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं. घट्ट चिकटलं! बीडच आहे.’ मी विचारलं, ‘कुठे लावलंस?’ बुडाला लावलं होतं. ‘आता भिंतीला लाव,’ म्हटलं. दोन मिनिटांनी फोटो आला: चुंबक ओट्यावर पडलेलं, शेजारी घासून साफ केलेलं तव्याचं बूड, आणि काजळीखालून वर आलेले एका अंतरावरचे चंदेरी ठिपके.